रात्री पाऊण वाजताचं ऊन

लंडनच्या टॉवर ब्रिजवर लख्ख ऊन पडलंय आणि फोटोखाली वेळ आहे रात्री १२:५०, तीही दुसऱ्या दिवसाची! जूनमध्ये तिथे नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, त्यामुळे आठ-सव्वाआठचं ऊन खरंच असतं. चुकलेलं असतं कॅमेऱ्याचं घड्याळ. ते अजून पुण्याच्याच वेळेवर चालू असतं. मोबाइल परदेशी नेटवर्क पकडताच बहुधा आपोआप तिथली वेळ घेतो, कॅमेऱ्याला मात्र कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. दोघांचे फोटो एकत्र केले की मग संध्याकाळचा पूल रात्रीच्या जेवणानंतर येतो.

दुरुस्तीसाठी एकेका फोटोची खरी वेळ आठवत बसावं लागत नाही. चूक सगळ्या फोटोंत सारखीच असते, तेव्हा सगळ्यांना एकाच अंतराने मागे सरकवायचं. उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असतं आणि पॅरिस साडेतीन तास. म्हणजे एकाच सहलीत दोन अंतरं आली. लंडन आणि पॅरिसचे फोटो आधी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये घालणं बरं.

पण कॅमेऱ्याचं घड्याळ काही मिनिटं पुढेमागेही असू शकतं. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे: मोबाइलच्या घड्याळाचाच कॅमेऱ्याने एक फोटो काढायचा. समजा, पॅरिसच्या स्टेशनवर काढलेल्या अशा फोटोत मोबाइलवर दुपारचे २:१० दिसतात आणि कॅमेऱ्याची नोंद ५:४३ आहे. फरक ३ तास ३३ मिनिटांचा. यातले साडेतीन तास देशांमधले, उरलेली तीन मिनिटं घड्याळाची आगाऊ धाव. त्याच हिशेबाने लंडनचे फोटो ४ तास ३३ मिनिटं मागे न्यायचे.

एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये हे काम दोन ओळींत होतं:

```
exiftool "-AllDates-=4:33" London
exiftool "-AllDates-=3:33" Paris
```

`AllDates` मध्ये फोटो टिपल्याची, फाइल तयार झाल्याची आणि बदलल्याची अशा तीन नोंदी येतात. मध्यरात्र ओलांडली गेली तर तारीखही आपोआप बदलते. मूळ फाइल नावापुढे `_original` लागून शिल्लक राहते. खात्री होईपर्यंत ती पुसू नये. कारण हीच आज्ञा चुकून दुसऱ्यांदा दिली, तर फोटो निमूटपणे आणखी साडेचार तास मागे जातात आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही.

आणखी एक मेख आहे. एक्झिफच्या नोंदींत सुरुवातीला टाइम झोनला जागाच नव्हती. ती २०१६ मध्ये मिळाली. नव्या कॅमेऱ्याने तिथे `+05:30` लिहिलं असेल, तर नुसती वेळ मागे घेतल्यावर लंडनची वेळ आणि भारताचा झोन अशी विसंगत जोडी तयार होते. तेव्हा झोनही बदलावा लागतो:

```
exiftool "-OffsetTime*=+01:00" London
```

पॅरिससाठी इथे `+02:00` लिहायचं. व्हिडिओंना मात्र हाच नियम डोळे झाकून लावू नये. त्यांच्यातली वेळ प्रमाणानुसार यूटीसीत असायला हवी, पण बरेच कॅमेरे तिथे स्थानिक वेळच लिहून मोकळे होतात. एखादा व्हिडिओ त्याच प्रसंगाच्या फोटोशी ताडून पाहिला की आपल्या कॅमेऱ्याची रीत कळते.