दिवा मिचकला आणि लिफ्ट अडकली

संध्याकाळचे सात. पुण्यातली एक सात मजली सोसायटी. लिफ्टमध्ये भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा आणि क्लासहून परतणारी एक मुलगी. तिसरा मजला मागे पडला, आतला दिवा एकदा मिचकला, जोराचा हिसका बसला आणि लिफ्ट चौथ्या मजल्याच्या मीटरभर खाली थांबली. दिवा पुन्हा लागला, पंखा फिरू लागला, पण लिफ्ट काही हलेना. बाहेर जमलेल्या रहिवाशांपैकी निम्मे म्हणत होते की वीज गेलीच नव्हती. आठवडाभरात हे चौथ्यांदा घडत होतं.

आधीच्या तिन्ही वेळी देखभाल कंपनीचा तरुण मेकॅनिक आला, मशीन रूममधला मेन स्विच त्याने पाडला, ब्रेक सोडून हाताच्या चाकाने लिफ्ट मजल्याला आणली, स्विच पुन्हा चढवला आणि लिफ्ट सुरू झाली. कारण म्हणून दर वेळी एकच उत्तर मिळालं: "लाइटचा प्रॉब्लेम." तिसऱ्या खेपेनंतर कंपनीकडून नव्या ड्राइव्हचं कोटेशनही आलं. चौथ्या वेळी मात्र एक अनुभवी तंत्रज्ञ आले. मशीन रूममध्ये शिरल्यावर कशालाही हात न लावता त्यांनी मोबाइलवर पॅनेलचे तीन फोटो काढले. कोडं सुटायला सुरुवात झाली ती त्या तीन फोटोंवरून.

विजेचा क्षणभराचा झोल लिफ्टला थांबवतो, कारण लिफ्टचा ब्रेक विजेने लागत नाही, तो विजेने सुटतो. ब्रेकचे पट्टे स्प्रिंगच्या जोराने चाक धरून ठेवतात. कॉइलमध्ये वीज आली की ते बाजूला होतात. वीज ढळली की स्प्रिंग आपलं काम करते. म्हणजे तो हिसका हीच सुरक्षितता असते, आणि अशा प्रसंगी लिफ्ट खाली कोसळेल ही भीती निराधार आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. वीज परत आल्यावर लिफ्टने स्वतःहून मजला गाठायला हवा होता. तो का गाठला नाही?

बॅटरीवर चालणारी बचाव यंत्रणा, म्हणजे एआरडी, या इमारतीत होती. तीही गप्प राहिली, आणि त्यात तिचा दोष नव्हता. वीज गेल्यावर काही सेकंद वाट पाहून मगच ती काम हाती घेते. इथे तेवढ्या वेळात वीज परतलेली होती. पूर्ण अंधार झाला असता तर आजोबा कदाचित लवकर घरी पोचले असते.

पहिला फोटो फेज मॉनिटर रिलेचा होता. तळहाताएवढी ही डबी तिन्ही फेजवर नजर ठेवते. एखादा फेज गेला, फेजचा क्रम उलटला किंवा तिघांतला समतोल बिघडला, की ती आपला संपर्क तोडते आणि कंट्रोलर लिफ्ट थांबवतो. फोटोत तिचा दिवा हिरवा होता. तरुण मेकॅनिकनेही तिन्ही वेळा हिरवाच दिवा पाहिला होता आणि रिलेला निर्दोष ठरवलं होतं. पण अशा साध्या रिलेला आठवण नसते. सप्लाय आत्ता कसा आहे एवढंच ती सांगते. मिनिटापूर्वी काय झालं ते तिच्या दिव्यावरून कळत नाही. म्हणून तंत्रज्ञांनी तिच्या खुंट्या पाहिल्या. असमतोलाची मर्यादा १० टक्क्यांवर होती आणि विलंब अगदी कमीत कमी, ०.१ सेकंदावर. म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती लिफ्ट थांबवणार होती.

दुसरा फोटो कंट्रोलरवरच्या छोट्या दिव्यांच्या रांगेचा. लिफ्टमधले सुरक्षेचे सगळे स्विच एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात: खड्ड्यातला स्टॉप स्विच, वेगमर्यादकाचा स्विच, मग प्रत्येक मजल्याच्या दाराचं कुलूप आणि शेवटी लिफ्टच्या स्वतःच्या दाराचा संपर्क. माळेतला एक मणी निखळला तरी लिफ्ट हलत नाही. या रांगेत सुरक्षेचा दिवा लागलेला होता, मजल्यांच्या कुलपांचाही लागलेला होता, लिफ्टच्या दाराचा मात्र विझलेला. तंत्रज्ञांनी मीटरने खात्री केली. या पॅनेलमध्ये ही माळ ११० व्होल्टवर चालते. एकेक टर्मिनल तपासत गेल्यावर सातही मजल्यांच्या कुलपांपर्यंत ११० व्होल्ट मिळाले, पुढच्या टर्मिनलला शून्य.

म्हणजे दार किंचित उघडं होतं. चौथ्या मजल्यावर जाऊन रखवालदाराने मोठ्याने विचारलं, तेव्हा आजोबांचा आवाज आला, "हवा यावी म्हणून दार धरून ठेवलंय, बाळा." दोन बोटांची फट होती. लिफ्टची केबिन हवाबंद नसते, तिला हवेसाठी झरोके ठेवलेले असतात. पण अडकलेल्या माणसाला ते कोण सांगणार? आजोबांनी दार सोडलं, ते आपसूक मिटलं आणि वर पॅनेलमध्ये तिसरा दिवा लागला.

अशा वेळी काही घायकुते मेकॅनिक दाराच्या दोन टर्मिनलांवर वायरचा तुकडा लावून लिफ्ट चालवून पाहतात. त्याला जंपर मारणं म्हणतात. तो जंपर काढायचा राहिला, की दार उघडं असतानाही लिफ्ट चालते. लिफ्टच्या दारात चिरडून किंवा खड्ड्यात पडून माणसं मरू शकतात ती अशानेही. कोणताही मेकॅनिक गेल्यावर दार उघडं ठेवून लिफ्ट हलत नाही ना, याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्यायला हवी.

दार मिटलं तरी लिफ्ट निघाली नाही, कारण ड्राइव्हने आपला दोष धरून ठेवला होता आणि तो रिसेटची वाट पाहत होता. तिसरा फोटो त्याच्या पडद्याचा होता. रिसेटचं बटण दाबल्यावर लिफ्ट हळू वेगाने वर आली आणि दार उघडलं. दोघं सुखरूप बाहेर पडले. माणसं बाहेर आल्यावरच तंत्रज्ञ ड्राइव्हच्या दोषस्मृतीकडे वळले.

दोषस्मृती हा या प्रकरणातला एकमेव साक्षीदार, ज्याला मागचं आठवतं. मेन स्विच पाडला तरी त्याच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. तिथे शेवटच्या चार नोंदी एकसारख्या होत्या: LF, म्हणजे ड्राइव्हकडून मोटरकडे जाणारा एखादा फेज तुटला. नवा ड्राइव्ह सुचवला गेला तो यावरूनच. मोटरची वायर ढिली असेल किंवा ड्राइव्हचं पोट बिघडलं असेल, असा सरळ अर्थ लावला गेला होता.

पण नोंदीसोबत ड्राइव्ह त्या क्षणाचं चित्रही साठवतो. त्यात आतल्या डीसी बसचा व्होल्टेज होता ५४० व्होल्ट. इथे थोडं गणित लागतं. तिन्ही फेज ठीक असताना दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट मिळतात आणि ते एकदिश केल्यावर सुमारे ५८७ व्होल्ट होतात. तिन्ही फेज एकदम ६० टक्क्यांवर आले असते, तर हाच आकडा ३५० च्या आसपास घसरला असता. अनेक ड्राइव्ह ३८० च्या खाली गेले की Uv1 दाखवून थांबतात. इथे तसं घडलेलं नव्हतं. एकच फेज ढळला तर उरलेल्या दोघांमधले ४१५ व्होल्ट शाबूत राहतात, आणि ड्राइव्ह त्यांच्यावर थोडा वेळ तग धरतो. ५४० हा आकडा नेमकं हेच सांगत होता.

मग क्रम उलगडला. एक फेज खाली आला, समतोल बिघडला, रिलेने ०.१ सेकंदात संपर्क तोडला आणि ड्राइव्ह व मोटर यांच्यामधला कॉन्टॅक्टर चालत्या प्रवाहात उघडला. मोटर अचानक नाहीशी झालेली पाहून ड्राइव्हने LF लिहिलं. ती नोंद खरी होती, पण ते कारण नव्हतं, परिणाम होता. (उलट फसगतही होते. काही जुन्या ड्राइव्हमध्ये कमी व्होल्टेजचा दोष इतिहासात लिहिलाच जात नाही. त्यामुळे कोरी स्मृती पाहून वीज ढळलीच नव्हती, असं म्हणता येत नाही.)

कोणता फेज, आणि का? त्याचा धागाही स्मृतीतच सापडला. हा ड्राइव्ह आपल्याला वीज मिळत असलेले एकूण तास मोजतो. चार नोंदींचे तास होते ८२९३, ८३४१, ८४१३ आणि ८४६१. त्यांच्यातलं अंतर ४८, ७२ आणि पुन्हा ४८. सगळी २४ च्या पटीत. म्हणजे बिघाड दर वेळी घड्याळाच्या एकाच ठोक्याला होत होता. महावितरणच्या लाइनवरची झाडाची फांदी असं वेळापत्रक पाळत नाही. सेक्रेटरींना विचारलं, सात वाजता इमारतीत काय सुरू होतं? पाण्याचा पंप, टायमरवर.

दुसऱ्या दिवशी सात वाजता दोन मीटर लावले गेले, एक इमारतीच्या मुख्य स्विचवर आणि एक लिफ्टच्या पॅनेलच्या तोंडाशी. पंप सुरू झाला. मुख्य स्विचवर तिन्ही फेज २४० च्या आसपास राहिले. लिफ्टकडे मात्र पिवळा फेज १६० वर आला आणि दीडएक सेकंदाने सावरला. त्या क्षणी दोन फेजमधले व्होल्ट होते ३४९, ३४९ आणि ४१५. सरासरी ३७१, आणि सरासरीपासूनचा सर्वांत मोठा फरक ४४, म्हणजे जवळपास १२ टक्के. रिलेची मर्यादा १० होती. तिने चोख काम केलं होतं.

दोन मीटरांच्या मध्ये होतं सामाईक पॅनेल, पंप आणि लिफ्ट दोघांना वीज देणारं. मेन पाडून ते उघडलं तेव्हा पिवळ्या फेजचा किटकॅट फ्यूज जळून काळा पडलेला दिसला, आणि त्याखालचा लगही ढिला. पंप सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते, आणि त्या जळक्या जोडावर ८० व्होल्ट खर्ची पडत होते. लिफ्ट मजल्यावर उभी असताना पंप सुरू झाला तर कोणाला काही कळत नव्हतं. चालती असली तरच माणसं अडकत होती. रहिवाशांचं म्हणणंही खरं निघालं. त्यांच्या घरांना या पॅनेलमधून वीज येत नव्हती, त्यामुळे त्यांचे दिवे मिचकलेच नव्हते.

फ्यूजचा सांगाडा आणि लग बदलले. रिलेचा विलंब उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत राहून थोडा वाढवला, असमतोलाची मर्यादा मात्र आहे तिथेच ठेवली. ती सैल केली असती तर एका फेजवाचून चालणारी मोटर जळण्याचा धोका होता. नव्या ड्राइव्हचं कोटेशन परत गेलं.

महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे; त्याआधी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता. मशीन रूममधलं काम अधिकृत माणसाचंच आहे. रहिवाशांनी पॅनेलला हात लावू नये. स्विच पाडल्यावरही ड्राइव्हमधला विद्युतभार काही मिनिटं जीवघेणा राहतो. पण सोसायटी एक गोष्ट नक्की मागू शकते. मेकॅनिकने मेन पाडण्याआधी रिले, दाराचे दिवे आणि ड्राइव्हचा पडदा यांचे फोटो काढावेत, आणि वेळेसकट दोषाचा संकेत लॉगबुकात लिहावा. आत माणसं अडकलेली असली तरी याला अर्धं मिनिट लागतं. आणि आत अडकलेल्यांनी दार ओढू नये, घंटी वाजवावी आणि दार मिटलेलं राहू द्यावं.