दोन टक्क्यांची आघाडी

स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळे व्हावे का, यावर १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत होणार होते. त्याच्या अकरा दिवस आधी ‘संडे टाइम्स’ने यूगव्ह या संस्थेची चाचणी छापली: ‘हो’ ५१ टक्के, ‘नाही’ ४९. लंडनची झोप उडाली. पौंड घसरला. कॅमेरॉन, मिलिबँड आणि क्लेग हे तिन्ही पक्षनेते संसदेतली बुधवारची प्रश्नोत्तरे टाळून स्कॉटलंडला धावले.

चाचणीत सुमारे हजार माणसे होती. एवढ्या नमुन्यावरून काढलेला आकडा निव्वळ योगायोगानेही तीनेक टक्के वरखाली होतो. वीसपैकी एकोणीस वेळा तो त्या पट्ट्यात राहतो. म्हणजे खरा ‘हो’ ४८ ते ५४ मध्ये कुठेही. पण ही मर्यादा एका बाजूच्या आकड्याची आहे, आणि बातमीत नेमके तेच निसटते. ‘हो’चे एक मत वाढले की ‘नाही’चे एक घटते, म्हणून दोघांतल्या फरकाची मर्यादा जवळजवळ दुप्पट, सहा टक्के. ‘हो’ आठ टक्क्यांनी पुढे असू शकत होता, तसा चार टक्क्यांनी मागेही.

मग ही बरोबरी समजायची का? वाहिन्यांवरचे पंडित तसे सर्रास म्हणतात, पण ते बरोबर नाही. चूक फक्त योगायोगाचीच असेल, तर दोन टक्क्यांच्या अशा आघाडीत पुढे दिसणारी बाजू खरोखर पुढे असण्याची शक्यता साधारण चारात तीन. पारडे झुकलेले आहे, एवढेच.

खरी बातमी वेगळीच होती. महिनाभर आधी याच संस्थेच्या चाचणीत ‘नाही’ २२ टक्क्यांनी पुढे होता. मग १४, मग ६, आणि आता दोनने मागे. एवढी घसरण योगायोगाची नव्हे. कोण पुढे ते या चाचणीवरून सांगता येत नव्हते, पण अंतर मिटत चालले आहे हे दिसत होते. नेत्यांची धावपळ त्या अर्थी अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

निकाल लागला: ‘नाही’ ५५.३, ‘हो’ ४४.७. ‘हो’चा आकडा चाचणीपेक्षा सहा टक्क्यांहून जास्त खाली, तीनच्या मर्यादेच्या दुप्पट. मधल्या अकरा दिवसांत काहींची मते फिरली असतील. शिवाय ती मर्यादा चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या नमुन्याला लागू पडते. यूगव्ह मात्र इंटरनेटवर नाव नोंदवलेल्यांना विचारते आणि मग आकड्यांना वय, लिंग वगैरे पाहून वजन देते. तिथली चूक या हिशेबात येतच नाही. आणि ५१–४९ हे प्रमाण काठावरच्यांना गाळून काढलेले होते. मूळ आकडे ४७ आणि ४५ होते. उरलेल्या आठ टक्क्यांनी एकतर काही ठरवलेले नव्हते किंवा ते मत देणार नव्हते.