गरोदरपणातला ताप: कोणता आकडा बघायचा?

पावसाळा लागला की तापाच्या रुग्णाबरोबर आलेले नातेवाईक आधी विचारतात, ‘मॅडम, पेशी किती?’ कावीळ असेल तर ‘बिलिरुबिन कितीवर आलं?’ आणि यांपैकी काहीच नसेल तर ‘आज ताप किती होता?’ तिन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात. पण बाई गरोदर असेल तर नेमके हेच तीन आकडे घरच्यांना, आणि कधीकधी आम्हा डॉक्टरांनाही, चुकीचा धीर देतात. तिचा जीव वाचणार की नाही हे सांगणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच असतात आणि त्यांतल्या बऱ्याच घरबसल्या दिसतात.

‘ताप उतरला, आता काळजी नाही’

डेंग्यूत खरी काळजी तिथूनच सुरू होते. पहिले तीन-चार दिवस सणसणून ताप असतो, अंग ठणकतं, डोळ्यांमागे दुखतं. मग ताप उतरायला लागतो आणि त्याच सुमाराला काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात. रक्तातला पाण्यासारखा भाग पोटात आणि छातीत झिरपतो, वाहिन्यांमध्ये उरलेलं रक्त दाट होतं. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. डेंग्यूमुळे होणारे बरेच मृत्यू रक्तस्रावापेक्षा या गळतीतून आलेल्या शॉकमुळे होतात.

अनेक रुग्णांत पाहिलेलं एकत्र करून एक उदाहरण सांगते. बत्तिसावा आठवडा. सोमवारी रात्री १०२ ताप. बुधवारी एनएस-१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख ४० हजार, हिमॅटोक्रिट ३१. शुक्रवारी सकाळी ताप नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर हसू, ‘मॅडम, आता घरी नेऊ का? तिला नुसता गॅस झालाय.’ पोट दुखत होतं म्हणून गॅस. पहाटेपासून तीनदा उलटी झाली होती. रिपोर्टवर प्लेटलेट ७२ हजार, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. हिमॅटोक्रिट ३८ आणि त्याच्यापुढे कुठलीही खूण नाही, कारण लॅबच्या छापील कक्षेत ३८ नॉर्मल बसतं.

पण ती कक्षा गरोदर नसलेल्या बायकांची आहे. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून हिमॅटोक्रिट मुळातच खाली असतो. या बाईचा तो ३१ होता. ३१ वरून ३८ म्हणजे २२ टक्क्यांहून जास्त वाढ. २० टक्के वाढ ही गळतीची पक्की खूण मानतात. तिची नाडी १२४ होती आणि बीपी १००/८०. ‘बीपी शंभर आहे की, ठीक आहे,’ असं कुणीही म्हणेल. पण वरच्या आणि खालच्या आकड्यात अंतर उरलं होतं फक्त २०. एरवी ते ४०च्या आसपास असतं. हातपाय गार, सकाळपासून लघवी नाही. ती शुद्धीवर होती, नीट बोलत होती आणि शॉकमध्ये होती.

अशा वेळी शिरेतून सलाइन लागतं. वजनावरून त्याचा वेग ठरवायचा आणि दर दोन-चार तासांनी हिमॅटोक्रिट, नाडी, लघवी पाहून तो कमी-जास्त करायचा. गळती थांबली की बाहेर झिरपलेलं पाणी आपोआप आत परततं. तेव्हा सलाइन कमी केलं नाही तर ते फुप्फुसात साठून दम लागतो. म्हणून ‘भरपूर सलाइन लावा’ हा आग्रहही धोक्याचाच. तिच्या प्लेटलेट पुढे ३८ हजारांपर्यंत उतरल्या. प्लेटलेटची एकही पिशवी न देता ती पाचव्या दिवशी चालत घरी गेली.

घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. माता-बाल कार्डावर आजाराआधी लिहिलेलं हिमोग्लोबिन पाहा. त्याची साधारण तिप्पट म्हणजे त्या बाईचा नेहमीचा हिमॅटोक्रिट. १०.४ असेल तर ३१ च्या आसपास. तापात डॉक्टरांकडे जाताना ते कार्ड सोबत न्या. नवा आकडा ताडून पाहायला ती एक नोंद पुरते.

आणि ताप उतरल्यावरचे दोन दिवस तिच्याजवळ कुणीतरी थांबा. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या-नाकातून किंवा अंगावरून रक्त, काळी शी, दम, चक्कर, बेचैनी किंवा सुस्ती, सहा तास लघवी न होणं, बाळाची हालचाल मंदावणं. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. गरोदरपणातलं पोटदुखणं कळांच्या खाती आणि उलट्या ‘दिवसांच्या’ खाती सहज जमा होतात, म्हणून इथे घरच्यांची नजर फार मोलाची.

‘पेशी कमी झाल्या, लगेच पिशवी चढवा’

आधी शब्दाचा घोळ. डेंग्यूत लोक ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ म्हणतात तेव्हा त्यांना प्लेटलेट म्हणायचं असतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या. त्याही डेंग्यूत घटतात, पण गरोदरपणात त्या मुळात जास्त असल्यामुळे घटूनही रिपोर्टवर नॉर्मल दिसू शकतात.

रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय नुसत्या आकड्यासाठी पिशवी देत नाहीत. दिलेल्या प्लेटलेट डेंग्यूत फार टिकत नाहीत आणि पिशवीबरोबर नको असलेलं पाणीही शरीरात जातं. अपवाद प्रसूतीचा. बाई कळा देत असेल किंवा सिझेरियन टाळताच येत नसेल तर प्लेटलेट पन्नास हजारांच्या आसपास असाव्यात म्हणून त्या तयार ठेवतात. म्हणूनच ठरवून करायची प्रसूती गळतीच्या दिवसांत शक्यतो पुढे ढकलतात. पपईच्या पानांचा रस मी गरोदर बाईला देत नाही. तो गर्भासाठी सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही आणि त्या कडू रसाने झालेल्या उलट्या मला धोक्याच्या उलट्यांपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

‘गरोदर आहे, तापाची गोळीसुद्धा नको’

पॅरासिटामॉल चालतं, आणि जास्त ताप अंगावर काढण्यापेक्षा ते घेतलेलं बरं. ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर. नको आहेत त्या मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं डेंग्यूत रक्तस्राव वाढवतात आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळालाही बाधतात. कमरेतलं इंजेक्शनही नको. बीपीच्या धोक्यासाठी रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू असेल तर ती घेत असल्याचं तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

‘कावीळच आहे, उतरवून घेऊ’

गावोगावी कावीळ उतरवणारे असतात. कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी नाकात थेंब टाकतं, कुणी मनगटावर डाग देतं. त्यांच्याकडे बरेच लोक बरेही होतात, कारण हेपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून येणारा आजार बहुतेकांत आपोआपच बरा होतो. शंभरातला क्वचित एखादा दगावतो. पण शेवटच्या तिमाहीतल्या बाईत, काही साथींमध्ये, शंभरातल्या वीस-पंचवीस दगावल्या आहेत. ‘शेजारच्याला माळेने गुण आला’ हा अनुभव तिला लागू पडत नाही.

१९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून दिल्लीत सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली होती. ती हेपॅटायटिस ई होती हे पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूची मोठी साथ आली. पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, त्यामुळे पाइपलाइन दुरुस्त झाल्यावरही रुग्ण येत राहतात. त्या दोन महिन्यांत गरोदर बाईला उकळलेलंच पाणी द्यावं. रसवंतीवरचा बर्फही त्याच नळाच्या पाण्याचा असतो हे विसरू नये. कावीळ झाली की उसाचा रस पाजायचा आपला रिवाज असल्यामुळे हे मुद्दाम सांगते.

इथेही आकडा फसवतो. बिलिरुबिन १५ असलेली बाई नीट जेवत-बोलत असते, तर ८ असलेली रात्रीतून बेशुद्ध पडते. यकृत खरोखर किती काम करतंय हे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून कळतं. रिपोर्टवर तो आकडा ‘आयएनआर’ म्हणून येतो. तो साधारण १ असतो. दीडच्या वर गेला आणि जोडीला वागण्यात बदल दिसला तर यकृत हार मानू लागलंय असं समजायचं.

वागण्यातला बदल मात्र घरच्यांनाच आधी दिसतो. दिवसा झोप, रात्री टक्क जागी. उत्तर द्यायला वेळ लागतो. विनाकारण चिडते. मी वॉर्डात एक वही ठेवते आणि कावीळ झालेल्या प्रत्येक गरोदर बाईकडून रोज सकाळी त्यात तिचं नाव लिहून घेते. एकीचं नाव दोन दिवस सरळ ओळीत होतं. तिसऱ्या दिवशी अक्षरं खाली घसरली आणि आडनावाचं शेवटचं अक्षर तिने दोनदा लिहिलं. बोलणं अजून ठीक होतं. आम्ही त्याच दुपारी तिला आयसीयूत हलवलं.

पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणं तर फारच घातक. आजारी यकृताला साखर साठवून ठेवता येत नाही, म्हणून रात्रीतून साखर उतरते. गुंगी त्यामुळेही येते. हळद, तूप पूर्ण बंद करून काही साधत नाही. जे पचेल ते दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्यायचं, झोपण्यापूर्वीही.

‘हेपॅटायटिसची तपासणी झालीय, निगेटिव्ह आहे,’ असं पुष्कळ जणी सांगतात. ती तपासणी हेपॅटायटिस बीची असते, लसही बहुधा त्याचीच घेतलेली असते. ई वेगळा.

‘मग लगेच बाळंत करा’ हा आग्रहही तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही. हेपॅटायटिस ईमध्ये प्रसूती घाईने उरकल्याने आई वाचते असं दिसलेलं नाही, उलट गोठत नसलेलं रक्त घेऊन ती टेबलावर जाते. पण शेवटच्या तिमाहीत कावीळ दुसऱ्या दोन आजारांतही दिसते. एकात यकृतात अचानक चरबी साठते. दुसऱ्यात बीपी वाढून यकृताला इजा होते आणि प्लेटलेट घटतात, त्यामुळे तो हुबेहूब डेंग्यूसारखाही वाटू शकतो. त्या दोन्हींत प्रसूती हाच उपचार. हा फरक बीपी, साखर, रक्ताच्या चाचण्या आणि सोनोग्राफी करूनच कळतो. माळ घालून घालवलेले चार दिवस इथे भरून निघत नाहीत.

‘मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, म्हणजे व्हायरल’

गरोदरपणात मलेरियाचे जंतू वारेत दडून राहतात आणि बोटातल्या रक्तात पहिल्या वेळी सापडतीलच असं नाही. ताप टिकला तर तपासणी पुन्हा करायची. शेतात किंवा गवतात काम करणाऱ्या बाईत, विशेषतः विदर्भात, स्क्रब टायफसचा विचार हवा. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. बारीक किडा चावल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही आणि नेमकी काखेत, स्तनाखाली, नाडीच्या रेषेवर किंवा जांघेत असते. बाई आपणहून सांगत नाही, डॉक्टर कपडे बाजूला करून बघत नाहीत. ती सापडली तर गरोदरपणातही चालणारं अझिथ्रोमायसिन लगेच सुरू करता येतं. भातखाचरात किंवा पुराच्या पाण्यात वावर झाला असेल आणि तापाबरोबर डोळे लाल, पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोची आठवण डॉक्टरांना करून द्या.

शेवटी बाळाविषयी. प्रसूतीच्या आठवडाभर आधी किंवा प्रसूतीच्या वेळी आईला डेंग्यू असेल तर विषाणू बाळापर्यंत पोचू शकतो. बाळ जन्मतः गुटगुटीत दिसतं आणि ताप काही दिवसांनी येतो, म्हणून घरी सोडण्यापूर्वी आईचा आजार बाळाच्या डॉक्टरांना सांगून ठेवायचा आणि दोन आठवडे बाळाचा ताप, दूध ओढणं, अंगावरचे लाल ठिपके पाहत राहायचं. आईला बरं वाटत असेल तर अंगावरचं दूध चालू ठेवायचं.