‘Avl Bal’ म्हणजे किती उरले?

‘तुमचे A/c XX4321 मधून Rs.500 Dr झाले. UPI Ref 521712345678. Avl Bal Rs.8214.50’

मेसेजसाठी मराठी निवडली, तरी बँकेकडून फोनवर येते ते बऱ्याचदा या वळणाचे असते. यातले मराठी शब्द मोजून तीन. पैसे आले की गेले, किती उरले, व्यवहार कशातून झाला, हे सगळे रोमन अक्षरांत अडकले आहे. मेसेज तयार करणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो असा : ही इंग्रजी लघुरूपे जशीच्या तशी ठेवायची, की देवनागरीत उतरवायची?

रोमन ठेवण्याच्या बाजूने नेहमी दिले जाणारे कारण जागेचे आहे, आणि ते निम्मेच खरे आहे. एका साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. पण मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आले, तरी सबंध मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यानंतर रोमन अक्षरही देवनागरी अक्षराइतकीच जागा घेते. मात्रा आणि हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते : ‘शिल्लक’ हा शब्द डोळ्यांना आटोपशीर दिसतो, पण मोजणीत सहा जागा घेतो. म्हणजे रोमन लिपी स्वतः स्वस्त नाही. बचत होते ती लघुरूपात अक्षरे कमी असतात म्हणून. OTP ला तीन जागा लागतात, ‘ओटीपी’ला पाच, UPI ला तीन, ‘यूपीआय’ला सहा. मजकूर ७० च्या पुढे गेला की मेसेजचे तुकडे होतात आणि ते जोडण्याच्या माहितीसाठी प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा उरतात. बँकेला प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजावे लागतात.

सुरुवातीचा मेसेज या हिशेबाने मोजला तर ७८ जागा होतात. एवढी लघुरूपे वापरूनही तो दोन तुकड्यांत जातो. आता तोच मजकूर असा लिहून पाहावा : ‘खाते XX4321 मधून 500 रु. वजा. शिल्लक 8214.50, यूपीआय क्र. 521712345678’. याची मोजणी बरोबर ७० भरते. बँकेचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक घातला की हाही दोन तुकड्यांत जाईल हे खरे, पण दोन तुकड्यांत १३४ जागा मिळतात. तेवढ्यात नीट मराठीत सगळे सांगता येते. जागा वाचली ती रोमन अक्षरांमुळे नव्हे, तर ‘Avl Bal’, ‘Dr’ आणि दोनदा आलेले ‘Rs.’ काढून टाकल्यामुळे.

इथेच सगळी लघुरूपे एका मापाने मोजण्यातली चूक दिसते. A/c, Avl Bal, Dr, Txn ही केवळ लिहिण्याची रूपे आहेत. बँकेच्या खिडकीपाशी उभे राहून कुणी ‘माझा एव्हीएल बीएएल किती?’ असे विचारत नाही. ती देवनागरीत ‘डीआर’, ‘ए/सी’ अशी उतरवली तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘ए/सी’ वाचून तर गारवा देणारे यंत्र आठवेल. त्यांच्यासाठी नवे शब्द घडवायचीही गरज नाही. पतपेढीच्या पासबुकात आणि दुकानाच्या खतावणीत जमा, नावे, शिल्लक हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘नावे’ हा शब्द हिशेब लिहिणाऱ्यांत रुळलेला आहे. बाकीच्यांसाठी ‘वजा’ किंवा ‘खात्यातून गेले’ अधिक सोपे. ‘Cr’ तर सरळ घातक आहे, कारण रकमेच्या मागे आलेले हेच दोन वर्ण बातम्यांत कोटी म्हणून वाचले जातात.

या रूपांमुळे व्याकरणही बिघडते. ‘तुमचे A/c मधून’ या रचनेत ‘खाते’ हा शब्द झाकला गेला, म्हणून ‘तुमच्या खात्यातून’ म्हणायला हवे हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच आले नाही.

ओटीपी, एटीएम, पिन, यूपीआय, केवायसी यांची गोष्ट निराळी. ही लघुरूपे लोकांच्या तोंडी बसली आहेत, आणि पुष्कळांनी ती कानांनीच शिकलेली आहेत. भाजी विकणाऱ्या बाईंना ‘ओटीपी’ हा शब्द पक्का ठाऊक असतो, पण O, T, P ही अक्षरे वाचता येतीलच असे नाही. ‘OTP कोणालाही सांगू नका’ या इशाऱ्यात नेमका कळीचा शब्द त्यांना वाचता येत नाही, आणि काय सांगायचे नाही हेच निसटते. अशा शब्दांना देवनागरीच हवी, मग दोन-तीन जागा जास्त गेल्या तरी चालतील. मात्र उतरवताना उच्चार मराठी असावा. हिंदी मजकुरावरून मराठी मेसेज बेतला की ‘यूपीआई’, ‘ईएमआई’ अशी रूपे शिरतात. मराठी माणूस I चा उच्चार ‘आय’ करतो. ‘आई’ हा शब्द त्याच्यासाठी दुसऱ्याच कुणाचा आहे. देवनागरीत प्रत्ययही नीट चिकटतो. ‘एटीएममधून’ हा एक शब्द होतो, तर ‘ATM मधून’ मध्ये प्रत्यय सुटा पडतो आणि अरुंद पडद्यावर पुढच्या ओळीत एकटाच जाऊन बसतो.

पण जे पुन्हा टाइप करायचे किंवा पडद्यावर ताडून पाहायचे आहे, त्याला हात लावू नये. आयएफएससी हे नाव देवनागरीत चालेल, पण त्या ११ अक्षरांचा कोड रोमनमध्येच हवा : पहिली चार अक्षरे बँकेची (बँक ऑफ महाराष्ट्रची MAHB, स्टेट बँकेची SBIN), पाचव्या जागी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी O हे अक्षर टाकले की कोड चुकतो, म्हणून तिथे शून्य आहे एवढे मराठीत सांगावे. कोड मात्र जसाच्या तसा द्यावा.

आकड्यांच्या बाबतीत तर मराठीच्या कट्टर अभिमान्यांनीही मागे सरावे. देवनागरी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा. छापील लेखात आजूबाजूचे सगळे आकडे एकाच लिपीत असल्याने घोटाळा होत नाही. सहा आकडी ओटीपीत तो होऊ शकतो, कारण तो वाचून ज्या कळफलकावर टाकायचा त्यावर बहुधा 0 ते 9 असतात. रक्कम, खात्याचे शेवटचे अंक, व्यवहार क्रमांक, सगळे याच आकड्यांत असावे.

मेसेज वेळेवर कळण्याला पैशांचेही मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची आणि पैसे तिसऱ्याच कुणी लाटले, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही भार येतो. ही मुदत मेसेज मिळाल्यापासून धावते. तो उमगला की नाही, हे कुणी विचारत नाही. नातू शनिवारी घरी आल्यावर ‘Dr’ म्हणजे पैसे गेले हे आजोबांना कळले, तर मुदतीतले काही दिवस तोवर गेलेले असतात.

मजकूर कायम करण्याआधी त्याची परीक्षा घेणे अवघड नाही. रोमन न वाचणाऱ्या एखाद्या खातेदाराच्या हाती फोन द्यावा आणि चारच गोष्टी विचाराव्यात : पैसे आले की गेले, किती, आता उरले किती, आणि हा व्यवहार तुमचा नसेल तर फोन कुठे करायचा. ज्या उत्तरापाशी ती व्यक्ती अडखळेल, तिथले लघुरूप बदलायचे.