पेशंटची माहिती बाहेर गेली, तर त्यांना पत्र कसं लिहायचं? एका छोट्या क्लिनिकचं खरं पत्र

मागच्या व्हिडिओत मी एका दाताच्या क्लिनिकचा किस्सा अर्धा सांगितला होता. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, ते पत्र दाखवा ना." म्हणून आज पूर्ण गोष्ट आणि पत्र, दोन्ही इथे देतोय. तुमचं क्लिनिक नसेल, क्लास असेल, पार्लर असेल, लॅब असेल, तरी वाचा. गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाईल नंबर तुमच्याकडे आहेत म्हणजे हे पत्र एक दिवस तुम्हालाही लिहावं लागू शकतं.

आमच्या बॅचमधल्या एक डॉक्टर मॅडम सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दाताचं क्लिनिक चालवतात. दोन खुर्च्या, एक असिस्टंट, काउंटरवर एक मुलगी. क्लिनिकचं एकच जीमेल खातं आणि त्याच खात्यात सगळं. अपॉइंटमेंटची शीट, एक्स-रेचे फोटो आणि मेडिक्लेमसाठी घेतलेल्या आधार कार्डांच्या स्कॅन कॉपी.

१० फेब्रुवारीला संध्याकाळी एका आजोबांच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, तुम्ही बाबांकडून रूट कॅनलच्या दुसऱ्या सिटिंगचे ९,५०० रुपये ॲडव्हान्स का मागितले? गुरुवारी सिटिंग आहे, पैसे भरले नाहीत तर नंबर जाईल असं सांगितलं म्हणे." मॅडमनी कोणालाच फोन केला नव्हता. पण गुरुवार बरोबर होता आणि रूट कॅनलही बरोबर होतं. आजोबांनी पैसे भरूनही टाकले होते.

बघा, ओळखायची खूण हीच. फसवणाऱ्याला फक्त तुमच्या पेशंटचं नाव माहीत असेल तर ते कुठूनही मिळालेलं असू शकतं. पण तारीख आणि उपचार दोन्ही माहीत असतील तर माहिती तुमच्याच वहीतून गेली आहे.

आधी काय तपासलं

मॅडमनी मला फोन केला तेव्हा त्या पासवर्ड बदलायलाच बसल्या होत्या. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आधी स्क्रीनशॉट काढा. myaccount.google.com वर सिक्युरिटीमध्ये "Your devices" अशी यादी असते. मागच्या २८ दिवसांत खातं कुठल्या कुठल्या उपकरणावर उघडलं ते तिथे दिसतं. २८ दिवसांनी ती नोंद जाते, म्हणून पुरावा आधी. त्या यादीत एक अनोळखी विंडोज कॉम्प्युटर होता, २ फेब्रुवारीपासून. त्याच दिवशी गुगलचा "नवीन साइन-इन" असा मेलही आला होता, पण न वाचलेल्या जाहिरातींच्या ढिगात पडून होता. काउंटरवरच्या मुलीला विचारल्यावर कळलं की त्या सकाळी "स्टोरेज भरलं आहे" असा मेल आला होता आणि तिने लिंक उघडून पासवर्ड टाकला होता.

मग पासवर्ड बदलला, तो कॉम्प्युटर साइन-आउट केला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. शेवटी जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघितले. तिथे एक अनोळखी पत्ता घातलेला होता. क्लिनिकला येणारा प्रत्येक मेल परस्पर तिकडे जात होता. नुसता पासवर्ड बदलून थांबलो असतो तर हे चालूच राहिलं असतं. हे लोक नेमकं इथेच चुकतात.

आता मुख्य अडचण. शीट कोणी बदलली तर हिस्टरीत दिसतं. पण कोणी नुसती वाचली किंवा डाउनलोड केली, तर साध्या खात्यात त्याची नोंद मिळत नाही. म्हणजे किती पेशंटची माहिती नेली हे मॅडमना कधीच नक्की कळणार नव्हतं. शीटमध्ये ६१२ पेशंट होते, आधारच्या फोल्डरमध्ये ४१. आपण ठरवलं की सगळी माहिती गेली आहे असं धरूनच लिहायचं.

पहिला मसुदा का फाडला

मॅडमनी रात्री जे लिहिलं त्याचं सार असं होतं: काही तांत्रिक अडचणींमुळे किरकोळ गैरसोय झाली आहे, आपली माहिती पूर्णपणे सुरक्षित आहे, घाबरू नये, पासवर्ड बदलून घ्यावा.

यात तीन चुका आहेत. एक, "सुरक्षित आहे" हे खोटं आहे, आणि उद्या दुसऱ्या पेशंटला असाच फोन आला की सगळं गाव तेच बोलेल. दोन, पेशंटचा आपल्याकडे पासवर्ड नसतोच, तर बदलणार काय? तीन, वाचून झाल्यावर पेशंटने नेमकं काय करायचं ते कळतच नाही.

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. माहिती फुटल्यावर प्रत्येक बाधित व्यक्तीला आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला कळवायची सक्ती त्यानंतर १८ महिन्यांनी सुरू होते. पण पत्रात काय असावं हे त्या नियमांत आजच लिहिलंय, आणि ते साध्या माणुसकीचंच आहे: काय झालं आणि कधी, तुम्हाला त्याचा काय त्रास होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करावं, आणि प्रश्न कोणाला विचारायचा. या पाच गोष्टींवरच पत्र लिहिलं. सर्ट-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश मात्र आधीपासून लागू आहे. अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. मॅडमनी त्याच रात्री incident@cert-in.org.in वर मेल टाकला.

शेवटी गेलेलं पत्र

> दिनांक ११ फेब्रुवारी
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आमच्या क्लिनिकच्या ई-मेल खात्यात एका अनोळखी व्यक्तीने प्रवेश केला होता. २ फेब्रुवारी ते १० फेब्रुवारी या काळात ते खाते तिच्या हातात होते. हे आम्हाला १० तारखेला संध्याकाळी कळले.
>
> त्या खात्यात तुमचे नाव, मोबाईल नंबर, अपॉइंटमेंटच्या तारखा आणि चालू उपचारांची नोंद होती. ही माहिती वाचली गेली आहे असेच आम्ही धरून चाललो आहोत. तुमचे बँक खाते किंवा कार्डाचा नंबर आम्ही ठेवत नाही.
>
> या माहितीचा वापर करून क्लिनिकच्या नावाने पैसे मागणारे फोन येत आहेत. एका पेशंटचे पैसे गेलेही आहेत.
>
> आम्ही पासवर्ड बदलला आहे, त्या व्यक्तीचा प्रवेश बंद केला आहे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे.
>
> तुम्ही एवढे करा:
>
> १. क्लिनिक फोनवर ॲडव्हान्स मागत नाही. पैसे फक्त काउंटरवर घेतले जातात. कोणी तुमच्या उपचाराची बरोबर माहिती सांगितली तरी पैसे, ओटीपी देऊ नका आणि पाठवलेले कुठलेही ॲप उघडू नका.
>
> २. शंका आली तर फोन ठेवा आणि तुमच्या फाइलवर छापलेल्या नंबरवर आम्हाला फोन करा.
>
> ३. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. थांबू नका, लाजू नका.
>
> या चुकीची जबाबदारी माझी आहे. मी रोज दुपारी १ ते ३ या वेळात क्लिनिकमध्ये तुमच्या प्रश्नांसाठीच थांबेन.
>
> आपली डॉक्टर

ज्या ४१ जणांच्या आधारची कॉपी फोल्डरमध्ये होती, त्यांच्या पत्रात आणखी एक परिच्छेद होता:

> तुमच्या आधार कार्डाची आणि मेडिक्लेम पॉलिसीची कॉपीही त्या खात्यात होती. myaadhaar.uidai.gov.in वर किंवा आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. जमत नसेल तर क्लिनिकमध्ये या, तुमच्या समोर तुमच्याच फोनवर करून देऊ. लॉक असताना रेशन दुकानात अंगठा लागणार नाही, तेव्हा आधी तात्पुरते उघडावे लागेल. तुमच्या नावावर किती सिम कार्डे आहेत ते sancharsaathi.gov.in वर पाहा. विमा कंपनीला फोन करून तुमच्या पॉलिसीवर नवीन क्लेम आला आहे का ते विचारा.

सगळ्यांना एकच पत्र का नाही पाठवलं? कारण ज्यांचं आधार गेलंच नाही त्यांना उगाच धावपळ झाली असती. आणि ज्यांचं गेलंय त्यांना "काहींचं आधार गेलं असू शकतं" हे वाक्य पुरत नाही. माणूस "काहींचं" वाचतो आणि आपण त्यात नाही असं समजतो.

पाठवताना काय सांभाळलं

काउंटरवरच्या मुलीने व्हॉट्सॲप ग्रुप करायला घेतला होता. थांबवलं. ग्रुप केला की प्रत्येक पेशंटला बाकीच्या पेशंटचे नंबर दिसतात, म्हणजे माहिती दुसऱ्यांदा फुटली, आणि या वेळी आपल्याच हाताने. ब्रॉडकास्टचाही भरवसा नाही, कारण ज्यांनी क्लिनिकचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. म्हणून एकेकाला वेगळा मेसेज गेला. साठीच्या पुढच्या पेशंटना मॅडमनी आणि असिस्टंटने स्वतः फोन केले आणि छापील पत्र काउंटरवर ठेवलं. मेसेजमध्ये फोन करायला किंवा उघडायला क्लिनिकची एकही लिंक नव्हती. जी गोष्ट करू नका म्हणून सांगतोय, तीच आपण करून कशी चालेल?

दोन दिवसांत सगळ्यांना कळवून झालं. त्याच आठवड्यात चार पेशंटनी सांगितलं की तसाच फोन आला होता, आम्ही ठेवून दिला. तीन कुटुंबांनी फाइल परत मागितली, दुसरीकडे गेली. मॅडमनी फाइल दिल्या, अडवलं नाही. आजोबांच्या मुलाने १९३० वर तक्रार केली, पण तोवर बराच वेळ गेला होता. पैसे अजून परत आलेले नाहीत. त्यांची पुढची सिटिंग मॅडमनीच केली, फी घेतली नाही.

आता आधार कॉपी क्लिनिकमध्ये ठेवतच नाहीत. लागलं तर मास्क्ड आधार घेतात, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, आणि क्लेम मिटला की ते काढून टाकतात. जे आपल्याकडे नाही, ते चोरीला जात नाही.

तुम्ही आज एक काम करा. तुमच्या धंद्याचं जीमेल उघडा आणि "Your devices" व फॉरवर्डिंग, या दोन जागा बघा. काही अनोळखी दिसलं तर आधी स्क्रीनशॉट, मग पासवर्ड. आणि वरचं पत्र जवळ ठेवा, त्या रात्री डोकं चालत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.