मेसचं ताट आणि वाढतं वजन

बारावीनंतर मुलं-मुली पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला शिकायला जातात आणि पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी येतात तेव्हा अम्मीच्या लक्षात येतं, की चेहरा भरलाय, कपडे घट्ट झालेत. मुलंही म्हणतात, "मेसचं खाऊन वजन वाढलं. काय करणार, स्वयंपाक आपल्या हातात नाही." स्वयंपाक हातात नाही हे खरं आहे. भाजीत तेल किती घालायचं, डाळ किती पातळ करायची, उद्या बटाटा करायचा की पालक, हे सगळं मेसवाले काका ठरवतात. पण ताटात काय किती घ्यायचं, वाटीतलं काय खायचं आणि काय सोडायचं, हे विद्यार्थीच ठरवतो. चरबी कमी करायला एवढा ताबा पुरतो. त्यासाठी मेस बंद करून फळांवर राहायची गरज नसते.

मेसच्या जेवणात खोट कुठे असते?

मेसचं जेवण वाईट नसतं, पण त्याचा तोल एका बाजूला झुकलेला असतो. चपाती आणि भात हवा तेवढा मिळतो. भाजीवर तर्री असते. डाळ मात्र पातळ असते आणि वाटी लहान असते. म्हणजे पीठ, तांदूळ आणि तेल भरपूर, पण प्रथिनं कमी. प्रथिनं कमी पडली की पोट भरल्याचं समाधान लवकर ओसरतं. रात्री आठला जेवलेली मुलगी अकरा वाजता अभ्यास करता करता नूडल्सचं पाकीट उघडते, ते याच कारणाने.

आपल्या मुला-मुलींसाठी यात आणखी एक गोष्ट येते. मेसमध्ये चिकन असलं तरी ते हलाल आहे की नाही याची खात्री नसते, म्हणून बरीच मुलं तिथे शाकाहारीच जेवतात. घरी आठवड्यातून दोन-तीनदा गोश्त, मासे किंवा अंडी खाणारं मूल इथे एकदम चपाती-बटाट्यावर येतं. जेवण तेवढंच राहतं, पण त्यातली प्रथिनं घटतात आणि त्यांची जागा चौथी चपाती घेते.

एका दिवसाचा हिशेब

उदाहरणादाखल बी.एस्सी.ला शिकणारी वीस वर्षांची मुलगी घेऊ. उंची 158 सेंटीमीटर, वजन 66 किलो. कॉलेजला जाणं-येणं आणि थोडं चालणं एवढीच हालचाल. तिला दिवसाला साधारण 1900 कॅलरी लागतात.

तिचा रोजचा दिवस असा जातो. सकाळी पोह्यांची भरलेली प्लेट आणि दोन चमचे साखरेचा चहा. दुपारी तीन चपात्या, बटाट्याची रस्साभाजी, वाटीभर डाळ, दीड वाटी भात आणि तळलेला पापड. संध्याकाळी चहा-बिस्किटं. रात्री पुन्हा तीन चपात्या, भाजी, डाळ आणि वाटीभर भात. अंदाजे हे 2150 कॅलरीपर्यंत जातं. ज्या रात्री नूडल्स होतात, त्या रात्री आणखी 300 वाढतात. यात कुठेही खादाडपणा नाही. तरीही वजन हळूहळू चढत राहतं.

आता तीच मेस आणि तोच मेनू, पण ताट वेगळं.

सकाळी पोहे अर्धी प्लेट आणि सोबत दोन उकडलेली अंडी. मेसमध्ये अंडी मिळत नसतील तर बाहेरच्या अंड्याच्या गाडीवर उकडलेली मिळतात. चहात साखर एक चमचा.

दुपारी दोन चपात्या, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, तर्री सोडून भाजी, वाटीभर दही आणि असेल तेवढी काकडी, कांदा, कोबी. दुपारी भात नाही.

संध्याकाळी चहासोबत मूठभर फुटाणे. रात्री एक चपाती, एक वाटी भात, दोन वाट्या डाळ आणि भाजी.

हा दिवस सुमारे 1650 कॅलरींचा होतो. प्रथिनं अंदाजे 55 ग्रॅम मिळतात. भारतीय प्रौढांसाठी किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे 66 किलोला जवळपास तेवढीच. गरजेपेक्षा रोज 250 कॅलरी कमी झाल्या तर आठवड्याला 1750 होतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. म्हणजे महिन्याला एक किलोच्या आसपास चरबी उतरते. हा वेग कमी वाटेल, पण परीक्षेच्या दिवसांतही तो टिकवता येतो, डोकं गरगरत नाही आणि केस गळत नाहीत.

हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्येक मेसची चपाती वेगळी आणि वाटीही वेगळी. म्हणून कॅलरी मोजत बसण्यापेक्षा चपात्या आणि वाट्या मोजाव्यात.

वाढून घेताना

ताट वाढून घेताना तीन ठिकाणी लक्ष दिलं की बहुतेक काम होतं.

पहिलं ठिकाण म्हणजे तर्री. रस्साभाजीच्या वाटीवर तरंगणारं तेल दोन-तीन लहान चमचे सहज असतं आणि एका चमच्याला 45 कॅलरी पडतात. वाटी थोडी तिरकी करून फोडी चमच्याने ताटात काढून घ्याव्यात आणि लाल तेल वाटीतच राहू द्यावं. तर्रीत चपाती बुडवून खाल्ली तर एका चपातीइतक्या कॅलरी पोटात जातात आणि पोट मात्र भरत नाही. वांगं आणि तळलेल्या बटाट्यात तेल मुरलेलं असतं, ते निथळत नाही. अशा दिवशी भाजी निम्मीच घ्यावी आणि डाळ जास्त.

दुसरं ठिकाण डाळीचं पातेलं. मेसची डाळ वर पाणी आणि तळाला दाणे अशी असते. वाढणाऱ्या मावशींना "मावशी, जरा खालून घट्ट द्या ना" म्हटलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. मटकी, चवळी, छोले किंवा राजमा असेल तो दिवस आपला. त्या दिवशी उसळीच्या दोन वाट्या घ्याव्यात आणि बटाट्याची भाजी सोडावी.

तिसरं ठिकाण म्हणजे चपाती-भात. दोन्ही बंद करू नयेत. चार दिवस बंद केले की पाचव्या दिवशी दुप्पट खाल्ले जातात. एका वेळी दोन माप एवढं ठरवावं. एक चपाती हे एक माप आणि एक सपाट वाटी भात हेही एक माप. दोन चपात्या घ्या, नाहीतर एक चपाती आणि एक वाटी भात. जेवणाची सुरुवात काकडी-कांदा आणि डाळीने करावी. ती संपल्यावर चपाती घेतली की तिसरीसाठी हात आपोआप मागे येतो.

रविवार

बऱ्याच मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. पुरी, पुलाव, पनीर, गुलाबजाम असं भरपेट जेवण आणि रात्री मित्र-मैत्रिणींबरोबर बाहेर. सहा दिवस रोज 250 कॅलरी वाचवून 1500 झालेल्या असतात. रविवारी एकाच दिवसात 1000 जास्त गेल्या तर निम्म्याहून अधिक कमाई गेली. वजन हलत नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपला रविवार तपासावा.

फीस्ट टाळू नये. तीन पुऱ्या, पनीरची एक वाटी आणि एक गुलाबजाम एवढं घेऊन उठावं. रात्रीचं बाहेरचं जेवण ही खरं तर संधी आहे, कारण आठवड्यात हाच एक वक्त असा, की खात्रीच्या हलाल हॉटेलात जाऊन गोश्त खाता येतं. तंदुरी चिकन किंवा शीख कबाब, एक रोटी आणि कांदा-लिंबू घ्यावं. बिर्याणीची भरलेली प्लेट किंवा मेयॉनीज घातलेला रोल त्या मानाने खूप महागात पडतो.

रमजानमध्ये हॉस्टेलवर

रमजानमध्ये हॉस्टेलवरची सेहरी बहुधा रात्रीच डब्यात भरून ठेवलेली चपाती आणि सुकी भाजी असते. एवढ्यावर दुपारपर्यंतच भूक लागते. डब्यासोबत दोन उकडलेली अंडी आणि दही ठेवावं. दही मिळत नसेल तर दूध. इफ्तारला दोन-तीन खजूर, पाणी आणि एखादं फळ. भजी-समोसे गोल करून मधे ठेवलेले असतात तेव्हा हात थांबत नाही, म्हणून आपला एक समोसा वेगळ्या कागदावर काढून घ्यावा. मगरिबनंतर मेसचं पूर्ण जेवण वरच्याच मापाने घ्यावं. रोजे ठेवूनही वजन वाढतं ते सेहरीमुळे नाही, इफ्तारच्या तळणामुळे आणि सरबतातल्या साखरेमुळे.

फरक पडतोय हे कसं ओळखावं?

वजनकाट्यावर रोज चढू नये. खारट जेवणानंतर किंवा मासिक पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं आणि काटा एक-दीड किलो वर दाखवतो. ती चरबी नसते. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी वजन करावं आणि दोन आठवड्यांतून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपने कमर मोजावी. भारतीय स्त्रियांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटीमीटरच्या वरची कमर धोक्याची मानली जाते. चार आठवड्यांत काटाही हलला नाही आणि टेपही, तर रोजचं एक माप चपाती-भात कमी करावं. डाळ आणि अंडी कमी करू नयेत.

सतत थकवा, चक्कर किंवा पाळी पुढे जाणं अशी लक्षणं दिसली तर आपण फार कमी खातोय असं समजावं आणि खाणं वाढवावं. पाळी आधीपासूनच अनियमित असेल किंवा थायरॉईड, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना भेटावं. अठरा वर्षांखालच्या मुलांनी स्वतःहून खाणं कमी करू नये.

घरच्यांसाठी दोन शब्द

सुट्टीवरून परतताना अम्मी बॅगेत फरसाण, शंकरपाळे आणि तुपातले लाडू भरते. त्यात माया असते, पण रात्री अकराची भूक त्याच डब्यावर भागते. त्याऐवजी एक किलो फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि थोडे खजूर द्यावेत. फुटाणे मुठीने खावेत, शेंगदाणे अर्ध्या मुठीने, कारण शेंगदाण्यात तेल असतं. लाडू द्यायचेच असतील तर चार द्यावेत, डबाभर नकोत. आणि फोनवर "जेवलीस का?" एवढंच न विचारता "आज डाळ किती वाट्या घेतलीस?" असंही विचारावं.