दहाचे शंभर शेअर, त्यातले ऐंशी शून्य खर्चाचे

शुक्रवार, १३ जून २०२५. पुण्याच्या बजाज फायनान्सचा शेअर नऊ हजार तीनशे रुपयांच्या आसपास बंद झाला. सोमवारी, १६ जूनला बाजार उघडला तेव्हा तोच शेअर नऊशे तीसच्या घरात होता. ज्यांना बातमी ठाऊक नव्हती त्यांना मोबाईलवर नव्वद टक्के घसरण दिसली. प्रत्यक्षात कोणाचाही रुपया बुडाला नव्हता. त्या दिवशी कंपनीची रेकॉर्ड डेट होती आणि दोन गोष्टी एकदम घडल्या होत्या. दोन रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर झाले, हा स्प्लिट. शिवाय अशा प्रत्येक शेअरमागे चार नवे शेअर मिळाले, हा ४:१ बोनस. एकाचे दोन झाले, त्या दोनांना आठ मिळाले, म्हणजे दहा. भाव दहावा हिस्सा झाला आणि संख्या दहापट.

एवढे गणित कोणालाही जमते. मला विलक्षण वाटते ते पुढचे. या दोन घटनांचा परिणाम संख्येवर सारखाच होतो, पण कागदावर त्यांचे ठसे अगदी वेगळे उमटतात. ते पाहायचे तर ब्रोकरचे ॲप बाजूला ठेवून एनएसडीएल किंवा सीडीएसएलचे मूळ स्टेटमेंट उघडावे.

त्या स्टेटमेंटमध्ये शेअरची संख्या असते, आजचा भाव असतो, त्यावरून काढलेले मूल्य असते. खरेदीची किंमत मात्र नसते. तुम्ही शेअर कितीला घेतलात हे डिपॉझिटरी नोंदवतच नाही. तिचे काम मालकी सांभाळण्याचे आहे. म्हणून संख्येचा वाद असेल तर शेवटचा शब्द डिपॉझिटरीचा. सरासरी किंमत हा ब्रोकरने त्याच्या नोंदींवरून मांडलेला हिशेब असतो, आणि त्यात चूक असू शकते.

आता शेअरच्या नावाशेजारचा बारा अक्षरांचा आयएसआयएन पाहा. जून २०२५ पूर्वी तो `INE296A01024` होता, नंतर `INE296A01032` झाला. सुरुवातीचे `IN` म्हणजे भारत, मधले `296A` ही कंपनीची खूण, त्यापुढचे `01` म्हणजे इक्विटी शेअर. त्यानंतरचे दोन आकडे हा अनुक्रम आणि अगदी शेवटचा आकडा पडताळणीचा, आधीच्या अक्षरांवरून गणिताने काढलेला. अनुक्रम `02` चा `03` झाला, कारण दर्शनी मूल्य बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये या कंपनीने दहा रुपयांचा शेअर दोन रुपयांचा केला होता, तेव्हा `01` चा `02` झाला होता. म्हणजे कंपनीने आपल्या शेअरचे दोनदा तुकडे केले, हा इतिहास त्या सांकेतिक क्रमांकात उघडउघड लिहिलेला आहे. बोनसची खूण मात्र त्यात कुठेच नाही, कारण बोनसने दर्शनी मूल्य बदलत नाही. व्यवहारांच्या स्टेटमेंटमध्येही हाच फरक दिसतो. स्प्लिटमध्ये जुन्या आयएसआयएनचे शेअर खात्यातून वजा होतात आणि नव्याचे जमा होतात. बोनसमध्ये काहीच वजा होत नाही, फक्त जमा होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोणी ऑगस्ट २०२४ मध्ये दहा शेअर प्रत्येकी ६,८०० रुपयांना घेतले. एकूण खर्च ६८,००० रुपये. स्प्लिटनंतर वीस शेअर, प्रत्येकी ३,४००. त्यावर ऐंशी बोनस आले की शंभर शेअर, सरासरी ६८० रुपये. पडताळणीची किल्ली एकच: संख्या आणि सरासरी यांचा गुणाकार आधी जेवढा होता तेवढाच नंतरही आला पाहिजे. ॲपमध्ये शंभर शेअर आणि सरासरी १,३६० दिसत असेल, तर गुंतवणूक १,३६,००० होते, म्हणजे सरासरीत फक्त बोनस धरला गेला, स्प्लिट राहिला. सरासरी ३,४०० दिसत असेल तर उलट झाले आहे. सरासरी जुनीच, संख्या दहाच आणि भाव मात्र नवा, असे दिसले तर शेअर अजून खात्यात जमा झालेले नाहीत. रेकॉर्ड डेटनंतरच्या पहिल्या दिवसांत हे नेहमीचेच. एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे शेअर हलवले असतील तर जास्त सावध राहावे, कारण शेअर नव्या घरी पोचतात, पण त्यांची खरेदी किंमत आपण कळवल्याशिवाय बहुधा पोचत नाही.

इथपर्यंत ६८० हा आकडा बरोबर आहे. विक्रीच्या दिवशी मात्र तो करासाठी निरुपयोगी होतो, आणि या विषयातले सगळ्यात मोठे आश्चर्य मला इथे वाटते. आयकराच्या दृष्टीने त्या शंभर शेअरमध्ये दोन जाती आहेत. मूळ वीस शेअरचा खर्च प्रत्येकी ३,४०० रुपये आणि त्यांचे वय ऑगस्ट २०२४ पासून मोजायचे, कारण स्प्लिटने खरेदीची तारीख बदलत नाही. बोनसच्या ऐंशी शेअरचा खर्च शून्य आणि त्यांचे वय वाटपापासून, म्हणजे जून २०२५ पासून. डीमॅट खात्यातून आधी आलेला शेअर आधी गेला असे मानतात.

समजा, ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव १,००० रुपये असताना वीस शेअर विकले. ॲपच्या सरासरीने प्रत्येकी ३२० रुपये सुटले, म्हणून ६,४०० रुपये नफा. करासाठी मात्र विकले गेले ते मूळ वीस. मिळाले २०,०००, खर्च ६८,०००, म्हणून ४८,००० रुपयांचा तोटा! उरलेले ऐंशी त्याच भावाने गेले तर ८०,००० रुपये मिळतील आणि सगळाच नफा. बेरीज करून पाहा: ८०,००० मधून ४८,००० वजा केले की ३२,०००, आणि सरासरीच्या वाटेने गेले तरी शंभर गुणिले ३२० म्हणजे ३२,०००च. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी येतात, फक्त मधला प्रवास वेगळा.

कर मात्र त्या प्रवासावरच लागतो. शंभरही शेअर ऑक्टोबरमध्ये विकले, तर मूळ शेअरचा तोटा दीर्घ मुदतीचा ठरतो, कारण बारा महिने उलटलेले असतात. बोनसचा नफा अल्प मुदतीचा ठरतो. दीर्घ मुदतीचा तोटा अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे खरा नफा ३२,००० असूनही २० टक्के कर ८०,००० वर, १६,००० रुपये आणि वर उपकर. तो तोटा पुढची आठ वर्षे दीर्घ मुदतीच्या नफ्याविरुद्ध वापरता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. बोनसचे शेअर जून २०२६ नंतर विकले असते तर ते दीर्घ मुदतीचे ठरले असते. हे वाचून कोणाला असा तोटा मुद्दाम तयार करावासा वाटेल, तर कायद्याने तिथेही दार लावले आहे. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले मूळ शेअर त्यानंतरच्या नऊ महिन्यांत तोट्यात विकले आणि बोनस हाती ठेवले, तर तो तोटा धरला जात नाही. तो बोनस शेअरचा खर्च बनतो.

२०१६ च्या स्प्लिटबरोबरही एकास एक बोनस होता. म्हणजे त्याआधीचा एक शेअर तेव्हा दहा झाला आणि २०२५ मध्ये शंभर. या शंभरात ऐंशी शेअर २०२५ च्या बोनसचे, दहा २०१६ च्या बोनसपासून वाढलेले आणि दहा मुळापासूनचे. तिघांच्या तारखा वेगळ्या, पण शून्य खर्च फक्त ऐंशींचाच, कारण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना, बोनस असले तरी, त्या दिवसाच्या बाजारभावाचा आधार मिळतो. डीमॅट स्टेटमेंटमध्ये मात्र एकच ओळ आणि एकच आकडा: १००. म्हणून ब्रोकरचा वार्षिक कर-अहवाल उघडलात की नफ्याचा एकूण आकडा पाहण्याआधी खरेदीच्या तारखांचा रकाना पाहा. तिथे बोनसच्या शेअरसमोर वाटपाची तारीख आणि योग्य खर्च आहे का, आणि स्प्लिटमधून आलेल्यांसमोर पहिल्या खरेदीची तारीख आहे का, हे ताडून घ्या.